चारही टोकं जुळली, तरी तोरण चिकटवलेलं का दिसतं?

*"गावच्या घराच्या दाराचा फोटो आहे, थोडा बाजूने काढलेला. सणाच्या शुभेच्छापत्रासाठी त्या दारावर झेंडूचं तोरण हवंय. एक तयार पीएनजी तोरण घेतलं आणि फोटोशॉपच्या Distort ने ओढून चौकटीच्या कोनात बसवलं. टोकं बरोबर जुळली, तरी तोरण स्टिकरसारखं दिसतं. सावलीही टाकून पाहिली. पर्स्पेक्टिव्ह बरोबर असताना चुकतंय कुठे?"*

टोकं जुळली म्हणजे पर्स्पेक्टिव्ह जुळला असं नाही. मी फोटो रिटचिंगचं काम बावीस वर्षं करतोय आणि दसरा-दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कार्डांत हीच चूक असते. Distort हे सपाट वस्तूंचं अवजार आहे. दारावरची नावाची पाटी, भिंतीवरचं पोस्टर, खिडकीची काच यांना ते चोख बसतं. तोरण सपाट नसतं. त्यात तीन प्रकारच्या गोष्टी असतात आणि बाजूने बघितल्यावर तिन्ही वेगवेगळ्या वागतात. झेंडूचं फूल जवळजवळ गोल असतं, ते कुठूनही पाहिलं तरी बऱ्यापैकी गोलच दिसतं. आंब्याचं पान चपटं असतं, ते बाजूने अरुंद दिसतं. आणि लोंबणाऱ्या लडी ओळंब्यात राहतात, दार कितीही तिरकं दिसो. तुम्ही सगळ्यांना एकाच चिमट्यात धरून दाबलंत, त्यामुळे फुलं लिंबासारखी उभट झाली असणार. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण झेंडू त्याने लहानपणापासून पाहिलेला असतो, त्यामुळे काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

म्हणजे तोरणात पर्स्पेक्टिव्ह ठरवतो तो फुलांची जागा, त्यांच्यातलं अंतर आणि त्यांचा लहानमोठेपणा. फुलाचा आकार तो ठरवत नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढचं काम हातकामासारखंच आहे, सुईऐवजी माऊस.

आता तुमचा फोटो किती बाजूने काढलाय, उन्हातला आहे की पडवीच्या सावलीतला, कार्ड फोनवर जाणार की छापून, यावर बरंच अवलंबून आहे. दार जवळजवळ समोरून असेल, चौकटीच्या डाव्या आणि उजव्या कडेच्या उंचीत पाच टक्क्यांहून कमी फरक असेल, तर तयार तोरण Distort न करता नुसतं थोडं फिरवून, लहान करून लावा, चालून जातं. फरक त्याहून जास्त असेल तर पुढचं वाचा.

मी एक केलेलं कामच सांगतो, कारण आकड्यांशिवाय हे समजत नाही. गेल्या दसऱ्याआधी पुण्यातल्या एका कुटुंबाने वाईजवळच्या त्यांच्या वाड्याचा फोटो पाठवला. वाडा वर्षभर बंद असतो, त्यामुळे पुन्हा जाऊन फोटो काढण्याचा प्रश्नच नव्हता. सागवानी चौकट, वर गणेशपट्टी, बाहेरून मोजली तर ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच. फोटो डावीकडून, दोन पायऱ्या खाली उभं राहून फोनने घेतलेला. फोटोत चौकटीची डावी, म्हणजे जवळची कड १८०० पिक्सेल उंच होती आणि उजवी, लांबची कड १४४० पिक्सेल. दोन्ही कडांमधलं आडवं अंतर ७००. वरची रेषा डावीकडून उजवीकडे १६० पिक्सेल खाली उतरत होती, उंबरठ्याची रेषा २०० पिक्सेल वर चढत होती. तुमच्या फोटोतही सगळ्यात आधी ही पाच मापं घ्या. फोटोशॉपमध्ये Ruler Tool आहे, गिंपमध्ये Measure. पाच मिनिटांचं काम आहे आणि यापुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिला उपयोग: फुलं केवढी असावीत. ७ फूट म्हणजे ८४ इंच. डाव्या कडेला १८०० भागिले ८४, म्हणजे एका इंचाला साधारण २१ पिक्सेल. उजव्या कडेला १४४० भागिले ८४, म्हणजे १७. बाजारातला चांगला भरलेला झेंडू अडीच इंचांचा धरला तर डाव्या टोकाचं फूल ५४ पिक्सेलचं आणि उजव्या टोकाचं ४३ पिक्सेलचं हवं. त्यांनी आधी स्वतः करून पाहिलेल्या कार्डात फुलं ९० पिक्सेलची होती, म्हणजे चार इंचांहून मोठी. दार बाहुलीघराचं वाटत होतं ते त्यामुळे. तयार पीएनजी तोरणांत हे हमखास होतं, कारण ती तोरणं अंदाजाने ताणलेली असतात आणि चार फुटांत फुलं मात्र दहा-बाराच असतात. खऱ्या तोरणात, फुलं दाटीने ओवलेली असतील तर, चार फुटांत तीसच्या आसपास बसतात. आपल्या दाराशी बसून कोणी तोरण ओवलं असेल तर त्यांना विचारा, दोन किलो झेंडू कसा बघता बघता संपतो ते.

दुसरा उपयोग: मधोमध कुठे आहे. ७०० चा मध्य ३५०, असं धरून लोक मधली लड ३५० वर लावतात आणि तिथेच फसतात. चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून दोन तिरप्या रेषा काढा, डावा वरचा ते उजवा खालचा आणि डावा खालचा ते उजवा वरचा. त्या जिथे छेदतील तिथून सरळ वर जा, तो दाराचा खरा मध्य. आमच्या फोटोत तो डाव्या कडेपासून ३८९ पिक्सेलवर आला. म्हणजे दाराची जवळची अर्धी बाजू ३८९ पिक्सेल घेते आणि लांबची अर्धी बाजू ३११. ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्यांना ही युक्ती आठवत असेल. त्या मध्यावर उभी रेषा मारून दोन्ही अर्ध्या चौकोनांत पुन्हा तिरप्या रेषा काढल्या की चतुर्थांश मिळतात. आम्हाला पाच लडी लावायच्या होत्या. त्यांच्या जागा आल्या ०, २०६, ३८९, ५५३ आणि ७००. मधली अंतरं बघा: २०६, १८३, १६४, १४७. लांब जाताना अंतर असं हळूहळू आवळत गेलं पाहिजे. सगळी अंतरं सारखी ठेवली तर फुलं कितीही सुबक कापलेली असोत, तोरण दाराला धरून राहत नाही.

आता झोळ. माझ्या मते सगळ्यात जास्त तोरणं इथे बिघडतात आणि याबद्दल फारसं कोणी सांगत नाही.

दोन खिळ्यांना बांधलेली माळ मधोमध खाली येते, हे खरं. म्हणून लोक फोटोतही पोट मधोमध काढतात. पण फोटोत वरची रेषाच तिरकी आहे, उजवीकडे उतरतेय. तिच्याखाली झोळ टांगला की फोटोतला सगळ्यात खालचा बिंदू मध्यावर राहत नाही, उतरत्या बाजूला सरकतो. किती सरकतो ते मोजून बघू. झोळ ४ इंचांचा ठरवला. खऱ्या मध्यावर एका इंचाला १९ पिक्सेल, म्हणजे झोळ ७६ पिक्सेल. तिथे चौकटीची रेषा डाव्या कोपऱ्यापेक्षा ८९ खाली आलेली आहे. बेरीज १६५. आता चौकटीच्या तीन चतुर्थांशावर, म्हणजे ५५३ वर बघा. तिथे माळेचा झोळ ३ इंचच उरतो, ५४ पिक्सेल. पण रेषा १२६ खाली आलेली आहे. बेरीज १८०. म्हणजे मध्यापेक्षा ही जागा खाली दिसते! बारीक मोजलं तर सर्वात खालचा भाग ५३५ च्या आसपास येतो, ७०० मधला जवळजवळ तीन चतुर्थांश. डावीकडून माळ लांबलचक उतरत जाते आणि उजव्या टोकाशी थोडीशीच वर चढते. पोट ३५० वर काढलेली माळ अशा दारावर उजवीकडून कोणीतरी वर ओढून धरल्यासारखी दिसते.

हे हिशेब दर वेळी करायची गरज नाही. कोऱ्या लेयरवर समोरून दिसणारं दार काढा, ४ ला ७ या प्रमाणात एक चौकोन. त्यावर समोरून दिसेल तशी माळेची नुसती रेषा काढा, पोट बरोबर मध्यावर. पाच लडींच्या रेषाही काढा, अंतरं सारखी. मग हा रेषांचा लेयर Edit > Transform > Distort ने फोटोतल्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर बसवा. रेषांना जाडी नाही, त्यामुळे त्यांना Distort बिनधोक चालतं. झोळाचा खालचा बिंदू आपोआप सरकतो, लडींची अंतरं आपोआप आवळतात. गिंपमध्ये हेच काम Perspective टूल करतं. हा झाला तुमचा दोरा. फुलं यावर ओवायची.

एक पोटसूचना. फोन वर तिरपा धरून फोटो काढला असेल तर चौकटीच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. अशा वेळी लडी कागदाच्या कडेला समांतर नकोत, जवळच्या उभ्या लाकडाप्रमाणे झुकलेल्या हव्यात. वरच्या पद्धतीत तेही आपोआप होतं. जुन्या वाड्यांत चौकटच ओळंब्यातून हललेली असते, ती गोष्ट वेगळी. तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवा.

आता फुलं. इथे दोन वाटा आहेत आणि पहिली वाट फोटोशॉपबाहेरची आहे.

बाजारातून चार फुटांहून थोडी लांब माळ आणा आणि तिचाच फोटो काढा. गावचं दार इथे नसलं तरी माळ कुठल्याही भिंतीवर टांगता येते. भिंतीवर चार फूट अंतरावर, सात फूट उंचीवर दोन खिळे किंवा चिकटपट्टीच्या दोन खुणा करा, त्यांच्या सरळ खाली जमिनीवर दोन खुणा. हा झाला तुमच्या चौकटीएवढा चौकोन. आता फोन घेऊन जागा शोधायची. डावीकडून बघताना जवळच्या उभ्या बाजूची आणि लांबच्या बाजूची उंची फोटोत १८०० ला १४४०, म्हणजे १० ला ८ या प्रमाणात आली पाहिजे आणि आडवं अंतर जवळच्या बाजूच्या उंचीच्या साधारण चार दशांश. दोन्ही प्रमाणं एकाच वेळी जुळली की तुम्ही मूळ फोटो काढणाऱ्याच्या जागी उभे आहात. एकच जुळवून भागत नाही, कारण जवळ जाऊन कमी तिरकं उभं राहिलं तरी पहिलं प्रमाण जुळू शकतं. आमच्या बाबतीत ती जागा चौकोनाच्या मध्यापासून तिरक्या रेषेत बारा फुटांच्या आसपास निघाली. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये एवढी जागा मिळत नाही, आम्ही सोसायटीच्या पार्किंगमधल्या भिंतीवर केलं.

फोन किती उंच धरायचा तेही मूळ फोटोतूनच कळतं. चौकटीच्या वरची रेषा आणि उंबरठ्याची रेषा उजवीकडे लांबवा. त्या जिथे भेटतील ती कॅमेऱ्याची उंची. आमच्या फोटोत डाव्या कडेवर ती उंबरठ्यापासून १००० पिक्सेल वर होती, म्हणजे साधारण ३ फूट ११ इंच. दोन पायऱ्या खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांशी हे बरोबर जुळतं. तेव्हा सपाट जमिनीवर उभं राहून फोन छातीशी, पावणेचार-चार फुटांवर धरायचा. अशी काढलेली माळ कापून नुसती लहान करून ठेवली की बसते. मग Distort लागत नाही, वरचा बराचसा हिशेबही लागत नाही. मला विचाराल तर हीच वाट खरी. पन्नास-साठ रुपयांची माळ दोन तासांचं काम वाचवते.

ते शक्य नसेल, सण उद्यावर आला असेल, तर दुसरी वाट: एकेक फूल रेषेवर बसवायचं. त्यासाठीही सुटे फोटो शक्यतो स्वतः काढा. सहा-सात फुलं दोऱ्यात ओवा, कपड्यांच्या हँगरला टांगा आणि तिरकं उभं राहून, थोडं खालून फोटो घ्या. ताटात ठेवलेल्या फुलाचा वरून काढलेला फोटो चालत नाही. तोरण आपल्या डोक्याच्या वर असतं, त्यामुळे त्याची खालची बाजू आपल्याला दिसते. आणि फूल देठातून सुई घालून ओवलेलं असतं, म्हणून माळेत ते पूर्ण तोंड दाखवत नाही, पाकळ्यांची एकावर एक रचलेली चकती दिसते. वरून काढलेली हसरी फुलं ओळीने लावली की माळेऐवजी रांगोळी दिसते.

ओवायला सुरुवात उजव्या टोकापासून करा, म्हणजे लांबच्या. प्रत्येक नवीन फूल वरच्या लेयरवर येतं, त्यामुळे जवळचं फूल मागच्या फुलाला थोडं झाकत जातं. खऱ्या माळेत बाजूने बघताना हेच दिसतं. डावीकडून सुरुवात केली तर लांबची फुलं जवळच्या फुलांवर चढतात आणि सगळं तोरण आतून बाहेर उलटल्यासारखं वाटतं. मी स्वतः नवखा असताना एकदा अख्खं तोरण असं उलटं ओवलं होतं आणि दिवसभर सावलीला दोष देत बसलो होतो.

आकार ४३ पिक्सेलपासून सुरू करून ५४ पर्यंत हळूहळू वाढवायचा, पण शिस्तीत नाही. खरी फुलं एका मापाची नसतात. एखादं आठ-दहा टक्के लहान, एखादं किंचित चपटं असू द्या. फुलं फिरवा, पण पंधरा-वीस अंशांच्या आत. Flip Horizontal मात्र करू नका. उलटवलेल्या फुलावर उजेड दुसऱ्या बाजूने पडलेला दिसतो, आणि तिसातली पाच-सहा फुलं अशी असली तरी माळ चमकत्या कागदाची वाटते. सहा-सात मूळ फोटो असतील तर फिरवून, उजेड थोडा कमीजास्त करून तीस फुलं निघतात. शेजारी शेजारी एकच फूल येऊ देऊ नका, एवढं पुरे.

"गोल गोष्ट कुठूनही गोल" या नियमाला एक अपवाद आहे. फोटो फोनच्या वाइड लेन्सने, त्या 0.5x ने काढला असेल आणि दार फोटोच्या कडेला असेल, तर तिथे गोल वस्तू खरोखरच बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात. तिथे फुलंही थोडी ताणावी लागतील. नेहमीच्या लेन्सने, दार फोटोच्या मधल्या भागात असेल तर हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

पानं उलट. आंब्याचं पान माळेतून दाराला समांतर लोंबतं, तर बाजूने त्याची रुंदी कमी दिसलीच पाहिजे. आमच्या फोटोत एक इंच उंचीला मध्यावर १९ पिक्सेल होते, पण एक इंच रुंदीला सरासरी साडेचौदा. म्हणजे समोरून काढलेलं पान रुंदीत तीन चतुर्थांश करायचं, लांबी तशीच. पण सगळी पानं एकसारखी अरुंद केली तर कंगव्याचे दात दिसतात. वारा लागलेलं, सुकत चाललेलं पान वळतं, म्हणून दोन-तीन पानं जास्त अरुंद, एखादं जवळजवळ आडवं वळलेलं ठेवा. Warp ने टोक किंचित मुडपलं की काम होतं. भाताच्या लोंब्या लावणार असाल तर त्यांना हा नियम नाही, त्या झुपक्याने लोंबतात, गोलच धरा.

लडींच्या लांबीसाठी तोच हिशेब. नऊ इंचांची लड डाव्या टोकाला १९३ पिक्सेल आणि उजव्या टोकाला १५४. तपासायला सोपी खूण: दोन्ही टोकांच्या लडींची खालची टोकं एका रेषेने जोडा आणि ती रेषा उजवीकडे लांबवा. चौकटीची वरची रेषा आणि उंबरठ्याची रेषा जिथे भेटतात, तिथेच ही तिसरी रेषाही पोहोचली पाहिजे. नाही पोहोचली तर लडींची लांबी चुकलीय.

सावलीबद्दल तुम्ही लिहिलंत की टाकून पाहिली. Drop Shadow टाकली असणार. ती संपूर्ण तोरणाला एकाच अंतराने, एकाच मऊपणाने पडते, जणू मागे एकसंध भिंत आहे. दाराला भिंत एक नसते. चौकट पुढे असते आणि दाराची फळी आत. वाड्याच्या फोटोत ऊन होतं, डावीकडून वरून. ते कळलं कडी-कोयंड्यावरून: कोयंडा लाकडापासून जेवढा पुढे होता, साधारण तेवढीच त्याची सावली खाली आणि उजवीकडे सरकलेली होती. फोटोतल्या अशा छोट्या वस्तू शोधा, खिळा, घंटी, पाटीची कड. सूर्य कुठे आहे हे त्याच सांगतात.

माळ गणेशपट्टीपासून इंचभर पुढे लोंबते, म्हणून तिची सावली लाकडावर इंचभरच सरकलेली, जवळजवळ माळेला चिकटलेली आणि कडक. मधल्या तीन लडी गणेशपट्टीच्या खाली येऊन दाराच्या फळीसमोर लोंबतात आणि फळी चौकटीपेक्षा चार इंच आत होती. तिथे सावली पाच इंच सरकते. म्हणजे एकाच लडीची सावली लाकडावर लडीजवळ आहे आणि पट्टीची कड ओलांडताच एकदम उजवीकडे आणि खाली उडी मारते, शिवाय थोडी मऊ होते. टोकांच्या दोन लडी उभ्या लाकडांवरच असतात, त्यांची सावली उडी मारत नाही. मी सावली वेगळ्या लेयरवर ठेवतो, तोरणाची काळी प्रत Multiply मध्ये, आणि चौकटीच्या कडेवर तिचे दोन तुकडे करून फळीवरचा तुकडा वेगळा सरकवतो. ही तुटलेली सावली बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण तोरण दारासमोर टांगलंय हे तीच पटवते.

तुमचं दार पडवीत, सावलीत असेल तर यातलं काही करू नका. तिथे कडक सावली पडतच नाही. माळेच्या लगेच मागे आणि खाली मऊ ब्रशने थोडा अंधार, फुलाफुलांमधल्या फटीत जरा गडद, बस. सावलीतल्या दारावर उन्हातली सावली हे स्टिकर दिसण्याचं दुसरं मोठं कारण आहे.

रंगाचं थोडक्यात. पडवीतला उजेड निळसर असतो आणि फुलांच्या दुकानातल्या दिव्याखाली काढलेला झेंडू पिवळाजर्द. Curves मध्ये निळा किंचित वाढवून झेंडू खाली आणा, तो भगवा राहिला तरी चमकता कामा नये. तात्पुरता सगळ्यावर Black & White चा लेयर टाकून बघा. काळ्या-पांढऱ्यात तोरण दारापेक्षा उगाच उजळ किंवा जास्त ठळक दिसत असेल तर तिथेच घोटाळा आहे. कापलेली फुलं फोनच्या फोटोपेक्षा नेहमी जास्त रेखीव असतात, तेव्हा अर्धा-पाऊण पिक्सेल Gaussian Blur आणि फोटोत जेवढा दाणा आहे तेवढा दाणा. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीलगत तोरण असेल तर भिंतीवर अगदी हलकी नारिंगी झाक मारा. उन्हात ती पडते.

कार्ड छापणार असाल तर छापखान्यात देण्याआधी एकदा View > Proof Colors लावून बघा. पडद्यावरचा झेंडूचा नारिंगी चार रंगांच्या छपाईत तसाच उतरत नाही, तो विटकरीकडे झुकतो आणि पाकळ्यांमधल्या छटा एकमेकींत मिसळून फुलाचा नुसता गोळा होतो. त्यावर मी नारिंगी वाढवत नाही, उलट दर तीन-चार फुलांमागे एक पिवळं फूल घालतो. पिवळा छपाईत नीट टिकतो, आणि पिवळ्याच्या शेजारी नारिंगीही उठून दिसतो. वाड्याच्या कार्डात तिसातली आठ फुलं पिवळी होती.